महाराष्ट्र एक्स्प्रेसमधला हिशेब

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस रात्री पुणं सोडते. मनमाडवरून खानदेशात शिरते, तिथून वऱ्हाड ओलांडते आणि नागपूरच्या पुढे आम्हांला तुमसर रोडला उतरवते. पुणे ते तुमसर रोड म्हणजे वीसेक तास. भंडारा, गोंदियाकडची चाकण-भोसरीत कामाला असलेली कितीतरी पोरं दिवाळीला याच गाडीनं घरी जातात, कारण तेव्हा धान कापणीला आलेलं असतं. गेल्या दिवाळीत माझ्या समोरच्या बर्थवर माझा आयटीआयचा वर्गमित्र होता. दोघांचा ट्रेड फिटर. दोघंही २०२१ साली एकाच महिन्यात पुण्यात उतरलो होतो, आणि पुढची तीन वर्षं एकाच शहरात राहून आम्ही पोटभर बोललो नव्हतो. त्याची शिफ्ट सुटायची तेव्हा माझी लागायची.

बोलणं सुरू झालं ते पगारावरून. आमच्याकडे ते तिथूनच सुरू होतं.

"तू पयल्या वर्षी सात हजारांत कसा रायला बे?" त्यानं विचारलं. "मले तर तेव्हा चौदा हजार भेटत होते. मले वाटे, हा येडा झाला."

मी आयटीआय संपल्यावर भोसरीतल्या एका मध्यम कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो होतो. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ साली त्याचे नियम बदलले आणि आयटीआय झालेल्यांना महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. आमच्या कारखान्यानं तेवढंच दिलं. दोन वर्षांचा फिटर ट्रेड झालेला असेल तर अप्रेंटिसशिप एक वर्षाची. त्यानंतर अखिल भारतीय ट्रेड टेस्ट द्यायची, पास झालं की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नसून शिकाऊ असतो, म्हणून त्याचा पीएफ कापत नाहीत. वर्ष संपल्यावर त्याला कामावर ठेवायचं बंधनही मालकावर नसतं. हे शेवटचं वाक्य करारात छापलेलं होतं. सही करताना मी ते वाचलं नव्हतं. आमच्या तुकडीत बारा जण होतो, वर्षाअखेर दोघांना ठेवलं. त्यांत मी नव्हतो.

मित्र चाकणला गेला. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं आणि सोसायटीचा व सावकाराचा मिळून महिन्याला पाच हजारांचा हप्ता जात होता. तळेगाव चौकाजवळच्या एका 'कन्सल्टन्सी'त त्यानं नोंदणीचे पंधराशे रुपये भरले. तिथून त्याला ज्या कारखान्याच्या गेटवर पाठवलं, तिथे ठेकेदाराचा माणूस रोज सकाळी उभाच असायचा. नोंदणी न केलेल्या पोरांनाही तो घेत होता. त्याला या पंधराशेची चुटपुट अजून आहे. कारखान्याला माणसं हवी असतात तेव्हा पैसे कारखाना किंवा ठेकेदार मोजतो. उमेदवाराकडे आधी पैसे मागणारा, मग ते नोंदणीचे असोत की गणवेशाच्या अनामतीचे, बहुतेक वेळा जे फुकट आहे तेच विकत असतो.

तर चौदा हजार. दौंड मागे गेलं होतं, डब्यातले दिवे मालवले होते. मित्रानं मोबाइलच्या उजेडात मला त्याची पहिली पगारपावती दाखवली. तीन वर्षांच्या सगळ्या पावत्या तो एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बॅगेत ठेवतो. ते का, हे पुढे येईलच. पावतीवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० होते. त्यातून पीएफचे बारा टक्के म्हणजे १,४४० वजा, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ९० वजा, व्यवसाय कराचे २०० वजा. हातात राहिले १०,२७०. मग चौदा हजार कुठून आले? ओव्हरटाइममधून. बारा हजारांना सव्वीस दिवसांनी आणि आठ तासांनी भागलं की तासाला साधारण ५८ रुपये पडतात. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असे, पण ठेकेदार एकपटच देत होता. म्हणजे उरलेल्या पावणेचार हजारांसाठी तो महिन्याला साठ-पासष्ट तास जादा उभा राहायचा. गेटवर सांगितलेले 'हातात चौदा' म्हणजे बारा-बारा तासांच्या ड्यूटीचे चौदा होते, आणि ते त्याला पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं.

"तू विचारलं नाही का, आठ तासाचे किती म्हणून?"

"मले का ठाऊक असं विचाराचं असते? मी इतकंच विचारलं, भेटतील किती."

माझं तरी काय वेगळं होतं? मीही विचारलं नव्हतं की बारा अप्रेंटिसांतले तुम्ही दरवर्षी किती ठेवता. गेटवर जुने अप्रेंटिस चहा पीत उभे असत, त्यांना विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

माझ्या सात हजारांचा हिशेब मी त्याला सांगितला. कॉट बेसिसवर खोलीचे पंधराशे, मेसचे दोन हजार सहाशे, बसचे सहाशे, फोन-साबण-तेलाचे पाचशे. अठराशे उरायचे. दिवाळीला तिकीट आणि आईला लुगडं एवढं त्यात होई. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुले घरी पाठवाचे नव्हते."

हे त्याचं वाक्य मी त्या रात्री खूप वेळ मनात घोळवत पडलो. तीन वर्षं मी समजत होतो की मी शहाणपणानं शिकण्याची वाट धरली आणि तो पैशाच्या मागे गेला. खरं असं की आमच्या दोघांपुढे एकच निवड कधी आलीच नव्हती. सात हजारांत घरी पाच हजार पाठवता येत नाहीत. अप्रेंटिसशिप चांगली की वाईट हा प्रश्न ज्यांच्या घरी हप्ता नाही त्यांनाच पडू शकतो, आणि आयटीआयत येऊन मार्गदर्शन करून जाणाऱ्या एकाही पाहुण्यानं आम्हांला घरचा हप्ता किती हे विचारलं नव्हतं.

सकाळी भुसावळला जाग आली. चहा घेतल्यावर मित्रानं ब्रेकची गोष्ट काढली. चाकणमध्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. सात महिने भरत आले की सुपरवायझर सांगतो, पुढल्या आठवड्यात तुझा ब्रेक. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग त्याच कारखान्यात, त्याच लाइनवर, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा रुजू व्हायचं. कारण साधं आहे. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते सलग वर्षभराचं काम धरलं जाई, आणि मग कामगार कमी करताना नोटीस व भरपाई देणं भाग पडे. २४० दिवसांचा आकडा भरायच्या आत ब्रेक दिला की प्रश्न मिटला. तीन वर्षांत मित्राचे चार ठेकेदार झाले. गेट तेच आणि लाइनही तीच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी दर वेळी वेगळ्या रंगाची.

"म्हणून सांगतो, कारखान्याच्या नावावर जाऊ नको. पगारपावतीवर नाव कोणाचं आहे थे पाह्य," तो म्हणाला. घरी आणि गावात तो मोठ्या कंपनीत आहे असं सगळे सांगत. पावतीवर त्या कंपनीचं नाव कधीच नव्हतं.

आणि त्या पावत्यांचं पाकीट. दुसऱ्या ठेकेदाराकडे असताना त्याला कुणीतरी पीएफचं पासबुक मोबाइलवर कसं बघायचं ते शिकवलं. प्रत्येक कामगाराला बारा अंकी यूएएन क्रमांक असतो. ठेकेदार बदलला तरी तो बदलायचा नसतो, फक्त त्याखाली नवं खातं जोडलं जातं. पासबुकात दर महिन्याची एक ओळ येते आणि तिच्यात तीन आकडे असतात. मित्राच्या ओळीत १,४४०, ४४० आणि १,००० असे होते. पहिल्यांदा पाहून त्याला वाटलं, ठेकेदारानं आपला वाटा चोरला, आपले १,४४० आणि त्याचे फक्त ४४०. त्याच्या खोलीवरच्या सगळ्यांना तसंच वाटायचं. प्रत्यक्षात मालकही बाराच टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, ते हजार रुपये, आणि उरलेले पीएफमध्ये, ते ४४०. बेरीज बरोबर होती.

खरी चोरी वेगळ्या जागी होती, आणि ती दिसली ती नसलेल्या ओळींमुळे. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. पासबुकात ऑगस्टनंतर एकदम फेब्रुवारी होता. सप्टेंबर ते जानेवारी, पाच महिने, पावतीवर १,४४० कापलेले आणि पासबुकात ओळच नाही. नुसत्या त्याच्या वाट्याचे ७,२०० रुपये. त्यानं ठेकेदाराला विचारलं, तर 'सर्व्हर डाउन आहे' हे उत्तर दोन महिने मिळालं. मग त्यानं भविष्य निर्वाह निधीच्या तक्रारीच्या संकेतस्थळावर पावत्यांचे फोटो जोडून तक्रार केली आणि त्यात मूळ कारखान्याचंही नाव घातलं. हे नाव घालणं महत्त्वाचं ठरलं, कारण ठेकेदारानं पैसे बुडवले तर ज्या कारखान्यात माणूस राबतो त्या कारखान्यावरही ते भरायची जबाबदारी येते. महिन्याभरात तीन महिन्यांच्या ओळी आल्या. उरलेल्या दोन महिन्यांच्या पावत्या त्याच्याकडे नव्हत्या; ठेकेदारानं त्या महिन्यांत पगार रोख दिला होता. तेव्हापासून ते पाकीट.

मी हे ऐकत होतो आणि मला कळत होतं की यातलं मला काहीच ठाऊक नाही. माझा पीएफ माझी कंपनी भरते असं मी धरून चाललो होतो. त्यानं माझा फोन घेऊन तिथल्या तिथे माझं पासबुक उघडून दाखवलं. सगळ्या ओळी होत्या.

शेगावला गरम कचोरी घेतली आणि मग माझी पाळी आली.

अप्रेंटिसशिप संपल्यावर अडीच महिने मी बेकार होतो. रोज सकाळी एमआयडीसीत हातात बायोडाटा घेऊन गेटागेटावर जायचो. वॉचमन कागद ठेवून घ्यायचा, आणि त्या कागदांचं काय होत होतं ते मला माहीत नाही, कारण एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. जो फोन आला तो माझ्या अप्रेंटिसशिपच्या टूलरूममधल्या सुपरवायझर काकांचा. त्यांचा जुना सहकारी दुसऱ्या एका कारखान्यात टूलरूम बघत होता आणि त्याला एक फिटर हवा होता. काकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की हा पोरगा मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही. ती जागा जाहिरातीत कधी आलीच नाही.

तिथली परीक्षा मी मित्राला सांगितली. त्या माणसानं एक व्हर्निअर कॅलिपर आणि एक गोल पिन पुढे ठेवली आणि म्हणाला, व्यास सांग. मी पिन मोजली. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर पूर्ण, आणि सरकत्या पट्टीची अठरावी रेघ मुख्य पट्टीच्या एका रेघेशी जुळत होती. या व्हर्निअरचा लघुतम अंश ०.०२ मिलिमीटर असतो, म्हणून अठरा गुणिले ०.०२, म्हणजे ०.३६. एकूण २४.३६. पण टूलरूममध्ये वर्षभर एक सवय अंगात मुरली होती, की हत्यार हातात आलं की आधी त्याचे जबडे नुसतेच मिटवून बघायचे. मिटवून बघितलं तर शून्याशी शून्य जुळत नव्हतं. शून्यापासूनची दुसरी रेघ जुळत होती. म्हणजे हे व्हर्निअर रिकामं असतानाच ०.०४ जास्त दाखवत होतं. ते वजा करून मी २४.३२ सांगितलं. त्या माणसानं दुसरा प्रश्नच विचारला नाही. त्यानं मुद्दाम तेच व्हर्निअर पुढे ठेवलं होतं.

मित्र कचोरीचा कागद दुमडत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मले बी एकानं व्हर्निअर देल्लं होतं."

तो चाकणच्या लाइनवर दोन वर्षं एकच काम करत होता. हवेवर चालणाऱ्या गननं चार बोल्ट आवळायचे, दर अठ्ठावन्न सेकंदांनी पुढची गाडी. दोन वर्षांनी तो एका छोट्या कारखान्यात फिटरच्या मुलाखतीला गेला. तिथे व्हर्निअर हातात दिलं, आणि कोणती रेघ बघायची तेच त्याला आठवेना. आयटीआयत आमच्या वर्गात फाइलिंगमध्ये त्याचा हात सगळ्यांत चांगला होता. गुण्या लावून उजेडाकडे धरला तर त्याच्या जॉबखालून प्रकाशाची रेघ दिसायची नाही. निदेशक आम्हांला त्याचा जॉब दाखवत असत. आणि तोच माणूस व्हर्निअर टेबलावर ठेवून, 'सर, सवय नाही' म्हणून उठून आला होता.

पुढच्या प्रवासात अकोला आलं, गेलं. हे सांगून झाल्यावर तो बराच वेळ दारात जाऊन उभा राहिला होता.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यानं सुपरवायझरला सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी कुणाला नको असते, त्यामुळे ती लगेच मिळाली. रात्री मेंटेनन्सचा एकच माणूस असतो आणि मशीन बंद पडलं की त्याला हाताखाली कुणीतरी लागतं. लाइन थांबली की बाकीचे टेकायला जायचे, हा त्या माणसाच्या मागे जायचा. टॉर्च धरायचा, पाने द्यायचा. खोलीवर आल्यावर एका वहीत लिहायचा: मशीन कोणतं, काय झालं, आधी कशावर संशय घेतला, शेवटी काय निघालं, किती मिनिटं गेली. दोन वह्या भरल्या.

त्यातली एक नोंद त्यानं मला सांगितली. एक हायड्रॉलिक प्रेस दाब धरत नव्हता. खाली आलेला रॅम दाबावर थांबायचा नाही, काटा हळूहळू उतरायचा. सगळे म्हणत होते पंप गेला. नवा पंप म्हणजे मोठा खर्च आणि दोन दिवस मशीन बंद. मेंटेनन्सवाल्यानं सिलिंडरकडे जाणारी तेलाची वाट व्हॉल्व्हनं बंद केली आणि पंप चालू केला. काटा सरळ पूर्ण दाबावर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे पंप ठीक होता, रिलीफ व्हॉल्व्हही ठीक होता. तेल सिलिंडरच्या आतच पिस्टनच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटत होतं. सिलिंडर खोलला तर पिस्टनचं सील एका बाजूनं झिजलेलं निघालं. ते बदललं आणि पहाटेच्या आत प्रेस सुरू झाला.

तो मेंटेनन्सवाला पुढे रांजणगावात दुसरीकडे लागला, आणि सहा महिन्यांनी त्याचाच फोन आला: आमच्याकडे एक जागा आहे, कंपनीच्या रोलवर, ये. मुलाखतीत मित्राला विचारलं, अनुभव काय? त्यानं 'तीन वर्षं' असं उत्तर दिलं नाही. त्यानं ही प्रेसची गोष्ट सांगितली, व्हॉल्व्ह कुठला बंद केला इथपर्यंत. मग समोरच्यानं विचारलं, काटा पूर्ण दाबावर गेलाच नसता तर? तो म्हणाला, तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह बघितला असता, तो तिथेच असतो आणि उघडायला सोपा, पंप त्याच्यानंतर. गेल्या वर्षापासून तो तिथे आहे. मुलाखतीला जाण्याआधीच्या आठवड्यात त्यानं खोलीवरच्या एका पोराचं व्हर्निअर उसनं आणून रोज रात्री घरातल्या वस्तू मोजल्या होत्या, ग्लास, पेन, दाराची कडी. व्हर्निअर त्यांनी विचारलंच नाही.

आम्हा दोघांनाही जागा कळली ती आमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या एकेका माणसाकडून. वशिला म्हणावा तर त्यांतल्या कुणीही आमच्यासाठी साहेबाला शब्द टाकला नव्हता. फक्त एक जागा आहे हे कळवलं होतं, आणि पुढचं व्हर्निअरनं नि प्रेसनं ठरवलं. माझी सोय अशी की माझ्या वर्षभराच्या विद्यावेतनात तसा माणूस शेजारी उभा असणं गृहीतच होतं. मित्राला तो रात्रपाळी मागून शोधावा लागला, हप्ता भरत असताना, झोप मोडून. दोन्ही वाटा सारख्याच असं मी म्हणणार नाही. त्याची अवघड होती.

वर्धा सोडल्यावर त्याच्या चुलतभावाचा फोन आला. तो यंदा फिटरच झालाय. एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून बोलावलंय आणि दुसरीकडे एक ठेकेदार पंधरा हजार देतो म्हणतोय, काय करू, असं विचारत होता. मी लगेच म्हणालो, अप्रेंटिसशिप घे. मित्रानं फोन माझ्यापासून लांब धरला.

"पयले हे सांग," तो म्हणाला, "घरी हप्ता किती जाते?"

पलीकडून उत्तर आलं. मित्रानं कचोरीचा दुमडलेला कागद खिशातून काढला, उलटा केला, आणि माझ्याकडे पेन मागितलं. "थांब, लिहितो. पंधरा हजार आठ तासाचे का बारा तासाचे, थे उद्या त्याले विचारून घे. पावतीवर नाव कोणाचं राहते, थे बी विचार. अन् अप्रेंटिसवाल्याच्या गेटवर जाऊन जुन्या पोराईले विचार, मागच्या वर्षी किती ठेवले." मग थोडं थांबून, "आवंदा धान किती पोते होईल तुमचं?"

नागपूर येईपर्यंत त्या कागदावर दोन रकाने झाले होते. धानाचे पैसे आठ महिने पुरतील असं निघत होतं. अप्रेंटिसशिप बारा महिन्यांची. उरलेल्या चार महिन्यांचे वीस हजार कोण भरणार, यावर आम्ही तुमसर रोडपर्यंत बोलत होतो.